फोटोत दाढी ठिकठिकाणी विरळ दिसते : मोकळ्या जागा झाकण्यासाठी कोणता आकार ठेवावा?

मनीषनगरकर · ८ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. माझे वय २३ वर्षे असून मी नागपुरात मिहानमधील एका कंपनीत नोकरी करतो. २६ नोव्हेंबरला माझ्या मोठ्या भावाचे लग्न आहे आणि त्या दिवशी दाढी ठेवावी असे मला मनापासून वाटते. मात्र परवा साखरपुड्याच्या खरेदीला गेलो असताना मित्राने काढलेला फोटो पाहिला आणि मन खट्टू झाले. तो फोटो खाली जोडला आहे. त्यात उजव्या गालाचा मधला भाग जवळजवळ रिकामा दिसतो, डाव्या जबड्यावर कानाच्या पाळीपासून दोन बोटे पुढे एक गोल मोकळी जागा दिसते, आणि मिशीची टोके हनुवटीच्या दाढीला दोन्ही बाजूंनी जोडली जात नाहीत. गळ्यावर मात्र केस भरपूर आहेत, ज्यांचा मला काहीच उपयोग नाही.

केस दाट यावेत म्हणून गेले वर्षभर मी दर चार दिवसांनी वस्तऱ्याने गुळगुळीत दाढी करत आलो आहे. फोटो काढला तेव्हा मी तीन आठवडे दाढी केलेली नव्हती. माझा प्रश्न एवढाच आहे की या चेहऱ्यावर मोकळ्या जागा सर्वांत चांगल्या झाकल्या जातील असा आकार कोणता?

विदर्भवीर · ८ ऑक्टोबर

भाऊ, काळजी करू नका. तेविसाव्या वर्षी माझे गालही असेच होते आणि सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत ते आपोआप भरले. गालावरचे केस सर्वांत शेवटी येतात, हे आमच्या घरातील सर्व पुरुषांच्या बाबतीत मी पाहिले आहे. वस्तरा चालू ठेवा, कारण वारंवार दाढी केल्याने केस जाड होतात, आणि रात्री एरंडेल तेल लावून पाच मिनिटे चोळा. लग्नाला सात आठवडे आहेत, म्हणजे पुष्कळ वेळ आहे.

सदरचा_छायाचित्रकार · ८ ऑक्टोबर

आकार सुचवण्याआधी हा फोटो कितपत विश्वासार्ह आहे ते पाहायला हवे, कारण यातील काही मोकळ्या जागा चेहऱ्यावर नसून प्रकाशामुळे दिसत आहेत असे मला वाटते. नाकाच्या टोकावर आणि कपाळावर पांढरा ठिपका आहे, म्हणजे फ्लॅश समोरून पडला आहे. समोरचा फ्लॅश केसांच्या मुळाशी पडणारी बारीक सावली पुसून टाकतो. दाढी दाट दिसते ती बऱ्याच अंशी या सावलीमुळे, त्यामुळे ती गेली की दोन केसांमधली त्वचा तेवढी चमकते. त्यातच दुकानातील दिवे डोक्यावर असल्यामुळे गाल उजळले आहेत आणि गळा अंधारात गेला आहे. गळ्यावर केस भरपूर आहेत असे जे तुम्हाला वाटते, त्यात या अंधाराचाही वाटा आहे.

दुसरी गोष्ट अशी की फोटोत तुमच्या गालाची त्वचा अस्वाभाविक गुळगुळीत दिसते. मोबाईलमध्ये चेहरा सुंदर करण्याची सोय चालू असेल, तर ती मुरुमांचे डाग जसे पुसते तशीच बारीक केसांची लवही पुसते.

म्हणून उद्या सकाळी तोंड धुऊन आणि दाढी पूर्ण कोरडी करून खिडकीजवळ उभे राहा. फ्लॅश आणि ती सोय दोन्ही बंद ठेवा, मोबाईल चेहऱ्यापासून हातभर लांब धरा आणि तीन फोटो काढा : एक समोरून, एक उजवा गाल खिडकीकडे करून आणि एक डावा गाल खिडकीकडे करून. दाढीला तेल लावू नका, कारण तेलाने किंवा घामाने केस एकमेकांना चिकटून झुबके होतात आणि मधली त्वचा उघडी पडते. ऑक्टोबरच्या या उन्हात दुपारी बाहेरून आल्या आल्या काढलेला फोटो तर मुळीच नको.

मनीषनगरकर · ९ ऑक्टोबर

सांगितल्याप्रमाणे तीन फोटो काढले आणि मला खरोखर आश्चर्य वाटले. उजव्या गालावर रिकामी वाटणारी जागा रिकामी नाही. तेथे केस आहेत, पण ते बारीक आणि किंचित तपकिरी आहेत. डाव्या जबड्यावरची गोल जागा मात्र तशीच आहे, उलट बाजूच्या प्रकाशात ती अधिक स्पष्ट दिसते. मिशीच्या टोकांखालची जागाही दोन्ही बाजूंनी मोकळीच आहे आणि ती साधारण करंगळीच्या नखाएवढी आहे.

कात्री_गोकुळपेठ · ९ ऑक्टोबर

गोकुळपेठेत आमचे केशकर्तनाचे दुकान वडिलांपासून चालत आले आहे आणि मी स्वतः बावीस वर्षे हे काम करतो आहे. तुमचे तिन्ही फोटो मोठे करून पाहिले.

पहिल्यांदा वस्तऱ्याविषयी सांगतो. विदर्भवीर भाऊंचे वयाबद्दलचे म्हणणे बरोबर आहे, गाल उशिरा भरतात हे मीही माझ्या गिऱ्हाइकांमध्ये पाहिले आहे. परंतु वस्तऱ्याने केस जाड होत नाहीत. न कापलेल्या केसाचे टोक निमुळते असते आणि वस्तरा तो मध्येच सपाट कापतो, म्हणून वाढताना तो हाताला राठ लागतो आणि डोळ्यांनाही जाड वाटतो. मुळे जेवढी होती तेवढीच राहतात. वर्षभर दर चार दिवसांनी दाढी केल्याचा परिणाम एवढाच झाला की आपली दाढी पूर्ण वाढल्यावर कशी पडते, हे तुम्ही कधी पाहिलेच नाही.

आता मूळ प्रश्न. मोकळी जागा लपवण्याचे दोनच मार्ग आहेत, बाकी सगळे आकार त्यांतूनच निघतात. एक तर त्या जागेवर वरच्या बाजूचे केस आणून टाकायचे, नाहीतर त्या जागेभोवतीचे केस काढून टाकायचे. दुसरा मार्ग लोकांच्या लक्षात येत नाही. मोकळी जागा दिसते ती शेजारी केस असल्यामुळे. शेजारचा गाल वस्तऱ्याने साफ असेल, तर पाहणाऱ्याला तो सगळा गालच वाटतो.

पहिल्या मार्गाला एक मर्यादा आहे. गालावरचे केस वरून खाली आणि थोडे पुढे वाढतात. त्यामुळे जबड्यावरची मोकळी जागा कल्ल्याच्या आणि गालाच्या केसांनी झाकता येते, पण गालाच्या वरच्या भागातील मोकळी जागा हनुवटीच्या केसांनी कधीच झाकता येत नाही, मग हनुवटीची दाढी कितीही वाढवा. पूर्ण दाढी वाढवली म्हणजे सगळे झाकले जाईल असे समजून अनेक मुले चार महिने थांबतात आणि निराश होऊन दुकानात येतात. त्यांची मोकळी जागा वर असते आणि केस खाली वाढलेले असतात.

तुमच्या उजव्या गालाची चिंता सोडा, तेथे लांबी आली की काम होईल. डाव्या जबड्यावरच्या जागेचे माप मात्र मला हवे आहे. कागदाची पट्टी लावून वरपासून खालपर्यंत किती भरते ते सांगा.

प्रतापनगर_ट्रिमर · ९ ऑक्टोबर

मी सहा वर्षे घरीच ट्रिमर वापरतो आणि माझी दाढीही विरळ आहे, म्हणून अनुभवाने सांगतो. लांब दाढीच्या नादी लागू नका. सगळीकडे तीन ते चार मिलिमीटरचे खुंट ठेवले की दाट आणि विरळ यांतला फरक सर्वांत कमी दिसतो. त्यात माझी एक युक्ती आहे. हनुवटीवर आणि मिशीवर जेथे केस दाट आहेत तेथे तीनची कॅप लावतो, आणि गालावर जेथे विरळ आहेत तेथे सहाची. बहुतेक लोक याच्या उलट करतात, म्हणजे विरळ गाल अजून बारीक करतात आणि हनुवटी वाढवतात, त्यामुळे फरक दुप्पट होतो. दाट भाग कमी करून विरळ भागाच्या पातळीवर आणला की समोरच्या माणसाला सगळे एकसारखे वाटते. कार्यालयात माझ्या दाढीला कोणी विरळ म्हणत नाही.

कात्री_गोकुळपेठ · ९ ऑक्टोबर

ही युक्ती चांगली आहे आणि मीही ती वापरतो. पण ती जेथे केस आहेत आणि फक्त विरळ आहेत, तेथेच लागू पडते. या भावांच्या डाव्या बाजूच्या जागेला कडा आहे, म्हणजे इकडे केस आणि तिकडे एकदम काही नाही. अशा जागेभोवती तीन मिलिमीटरचे खुंट ठेवले तर ती जागा चौकटीत बसवल्यासारखी उठून दिसेल. उजव्या गालाला तुमचा उपाय, डाव्या गालाला नव्हे, आणि दोन गाल दोन तऱ्हेने ठेवता येत नाहीत.

इतवारीचे_काका · १० ऑक्टोबर

माझे वय ४६ आहे. माझ्या हनुवटीच्या दोन्ही बाजूंनाही फोटोत अशाच मोकळ्या जागा दिसतात आणि मुलीने मला हा धागा वाचायला दिला. मी फ्रेंच कट ठेवावा काय? आरशात मला तेथे केस स्पष्ट दिसतात, हाताला लागतात, पण फोटोत ते गायब होतात. माझ्यासाठी एखादे तेल असल्यास सांगावे.

सदरचा_छायाचित्रकार · १० ऑक्टोबर

काका, तुमचे केस पांढरे झाले असावेत. हनुवटीच्या दोन्ही बाजूंना बऱ्याच जणांचे केस लवकर पिकतात आणि फोटोत पांढरा केस उजळ त्वचेत मिसळून जातो. ती मोकळी जागा नाही, त्यामुळे तेलाचा किंवा आकार बदलण्याचा तेथे संबंध नाही. दाढी सगळीकडे थोडी आखूड ठेवली तर काळ्या-पांढऱ्यातला फरक सौम्य होतो.

इतवारीचे_काका · १० ऑक्टोबर

बरोबर, केस पांढरेच आहेत. मग काळी मेहंदी लावतो.

त्वचावैद्य_धंतोली · १० ऑक्टोबर

काका, जरा थांबा. बाजारातील काळ्या मेहंदीत आणि बहुतेक काळ्या कलपांत असे रसायन असते की काही लोकांना त्याची तीव्र ॲलर्जी येते. चेहऱ्यावर ती आली तर डोळे सुजण्यापर्यंत मजल जाते. पूर्वी डोक्याला लावून त्रास झाला नसला तरी पुढे होणार नाही असे नाही. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून ४८ तास वाट पाहा आणि खाज किंवा लाली आली नाही तरच दाढीला लावा.

आता मूळ प्रश्नकर्त्याकडे वळते. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. फोटोवरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही, पण डाव्या बाजूची ती जागा मला इतर दोन जागांपेक्षा वेगळी वाटते. मिशीखालच्या जागा दोन्ही बाजूंना सारख्या आहेत, तशी ठेवण असंख्य पुरुषांमध्ये जन्मजात असते. उजव्या गालावर लव आहे, म्हणजे ती वयाची गोष्ट आहे. डावी जागा मात्र एकाच बाजूला, गोल आणि कडा स्पष्ट असलेली आहे. मला तीन गोष्टी सांगा. ती जागा तेथे नेहमीपासून आहे की नवीन आहे? बोट फिरवल्यावर ती अगदी गुळगुळीत लागते का? तेथे खाज, लाली किंवा कोंड्यासारखे पापुद्रे आहेत का?

नवीन आहे की जुनी हे आठवणीवर सोडू नका. मोबाईलमध्ये डाव्या बाजूने काढलेले जुने फोटो असतील, ते शोधा.

मनीषनगरकर · ११ ऑक्टोबर

मॅडम, तुम्ही विचारल्यावर काल रात्री जुने फोटो चाळले. ही जागा अगोदरपासूनच असणार असे मी गृहीत धरले होते, पण मागच्या वर्षीच्या गणपती विसर्जनाच्या वेळी फुटाळ्याला काढलेल्या फोटोत माझा डावा गाल स्पष्ट दिसतो आणि त्या जागेवर केस आहेत. म्हणजे ती वर्षभरात केव्हातरी आली आणि वस्तऱ्याने दाढी गुळगुळीत ठेवत असल्यामुळे माझ्या लक्षातच आली नाही. तेथे खाज नाही, लाली नाही, पापुद्रे नाहीत. बोटाला ती काचेसारखी गुळगुळीत लागते. कात्री दादांनी विचारलेले मापही घेतले, वरून खाली १५ मिलिमीटर भरले.

विदर्भवीर · ११ ऑक्टोबर

ही चाई आहे. माझ्या आतेभावाला झाली होती. कांद्याचा रस चोळला आणि तीन महिन्यांत केस आले. औषधाच्या दुकानात एक मलमही मिळते, खाज आणि नायट्यावर देतात ते, तेही लावून पाहा.

त्वचावैद्य_धंतोली · ११ ऑक्टोबर

चाईची शंका मलाही आहे, पण सुचवलेल्या दोन्ही उपायांबद्दल सावध करणे मला आवश्यक वाटते. चाईची लहान जागा पुष्कळदा कोणत्याही उपचाराशिवाय काही महिन्यांत स्वतःहून भरते, त्यामुळे त्या काळात जे चोळले असेल त्याला श्रेय मिळते. कांद्याच्या रसाने चेहऱ्याची त्वचा भाजल्यासारखी झालेले रुग्ण मी पाहिले आहेत. मलमाचे प्रकरण अधिक गंभीर आहे. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अशा मलमांमध्ये अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. ते चेहऱ्यावर आठवडेच्या आठवडे लावल्यास त्वचा पातळ होते. आणि ती जागा खरोखर नायट्याची असेल तर आधी लाली दबते आणि नंतर नायटा पसरतो.

चाईमध्ये आपल्या शरीराची संरक्षण यंत्रणा केसाच्या मुळावर हल्ला करते, पण मूळ मरत नाही, म्हणून केस परत येण्याची आशा असते. तज्ज्ञ भिंगातून पाहतात तेव्हा कडेला मुळाशी बारीक आणि टोकाला जाड असे तुटके केस दिसतात, त्यावरून ओळख पटते. मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात किंवा तुमच्या सोयीच्या तज्ज्ञाकडे एकदा जाऊन या. डोक्यावर किंवा भुवईतही अशी जागा आहे का, हे घरच्यांना पाहायला सांगा.

कात्री_गोकुळपेठ · ११ ऑक्टोबर

मॅडमचे म्हणणे आधी पूर्ण करा. आमच्या धंद्यात चाई पुष्कळ वेळा सर्वांत आधी न्हाव्यालाच दिसते, आणि ती गिऱ्हाइकाला सांगावी असे माझ्या वडिलांनी मला शिकवले.

तुम्ही माप दिले म्हणून हिशेब मांडतो. दाढीचा केस दिवसाला साधारण एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो, म्हणजे महिन्याला एक सेंटिमीटरच्या आसपास. तुमची आताची दाढी तीन आठवड्यांची म्हणजे सुमारे सात मिलिमीटर धरू. लग्नापर्यंत ४६ दिवस आहेत, त्यात आणखी पंधरा मिलिमीटर येतील. एकूण बावीस. मोकळी जागा पंधराची आहे, तेव्हा वरच्या कडेचे केस ती झाकतील असे कागदावर दिसते. पण केस त्वचेला चिकटून सरळ खाली पडत नाही, तो आधी बाहेर येतो आणि मग वळतो, त्यामुळे त्यातली चार-पाच मिलिमीटर लांबी वळणातच जाते. शिवाय तेथील वरचे केस गालाचे आहेत, हनुवटीसारखे जाड नाहीत. पडदा जेमतेम पोहोचेल आणि लग्नात कोणी गळ्यात पडले किंवा घाम आला की सरकेल. आणि चाई असेल तर ती जागा या सात आठवड्यांत मोठीही होऊ शकते. ज्या जागेची कड उद्या कोठे असेल हे माहीत नाही, तिच्यावर पडदा बेतणे मला योग्य वाटत नाही.

म्हणून माझे मत दुसऱ्या मार्गाचे आहे. फ्रेंच कट ठेवा, पण थोडा रुंद, म्हणजे हनुवटीची दाढी जबड्यावरून मागे न्यायची आणि ओठांच्या कोपऱ्याच्या सरळ रेषेच्या दीड-दोन बोटे मागे थांबवायची. तुमची मोकळी जागा त्याच्याही बरीच मागे, कानाकडे आहे. गाल आणि कल्ल्याखालचा भाग वस्तऱ्याने पूर्ण साफ. उजवा विरळ गाल आणि डावी मोकळी जागा, दोन्ही प्रश्न एकाच वेळी संपतात.

राहिला मिशी आणि हनुवटी यांच्यातील जोड, आणि खरे कौशल्य तेथेच आहे. ती जागा नखाएवढी, म्हणजे दहा-अकरा मिलिमीटर आहे. तिच्या वर मिशीचे टोक आहे, आणि मिशीचे केस दाट आणि जाड असतात, म्हणून येथे पहिला मार्ग चालतो. आजपासून मिशीच्या दोन्ही कोपऱ्यांना कात्री लावू नका. ओठावर येणारे केस तेवढे कापा. कोपऱ्याचे केस दररोज अंघोळीनंतर ओलसर असताना बारीक कंगव्याने बाहेर आणि खाली वळवत राहा. सहा आठवड्यांनी ते हनुवटीच्या दाढीवर जाऊन टेकतील.

दुकानात गेल्यावर कारागिराला हे आधीच सांगावे लागेल, कारण सवयीने त्याचा हात मिशीचे कोपरे नीट करायलाच जातो. एकदा ते कापले की पाच आठवडे वाया जातात. दुसरी चूक खालच्या रेषेची होते. गळ्याची रेषा जबड्याच्या हाडावर आणली की हनुवटीखालचे सर्वांत दाट केस निघून जातात आणि समोरून दाढी पातळ दिसते. ती रेषा गळ्याच्या घाटीच्या दोन बोटे वर ठेवा. गळ्यावरचे केस निरुपयोगी आहेत असे तुम्ही लिहिले होते, पण हनुवटीला भरीवपणा तेच देतात.

प्रतापनगर_ट्रिमर · १२ ऑक्टोबर

रुंद फ्रेंच कट मला पटतो, पण जोड भरला नाही तर काय करायचे? मी स्वतः दोन महिने वाट पाहिली होती आणि माझ्या मिशीचे केस तेथे पोहोचूनही मध्ये फट दिसतच राहिली. शेवटी मी तो जोड मुद्दाम साफ केला, मिशी वेगळी आणि हनुवटीची दाढी वेगळी. अपुरा जोड चूक वाटतो, साफ केलेला जोड ठरवून केलेला वाटतो.

कात्री_गोकुळपेठ · १२ ऑक्टोबर

मान्य आहे. लग्नाच्या आठ दिवस आधी, म्हणजे १८ तारखेच्या सुमारास, बाजूने प्रकाश घेऊन फोटो काढा आणि फट दिसली तर साफ करा. फक्त तेथे चार-पाच केसांची बारीक रेघ ठेवून जोड असल्याचा भास निर्माण करू नका, त्याने नजर थेट तेथेच जाते.

मनीषनगरकर · २ नोव्हेंबर

मेडिकलमध्ये दाखवून आलो. चाईच आहे, जागा एकच आहे, डोक्यावर कोठेही नाही. डॉक्टरांनी त्या जागेत अगदी बारीक सुईने औषधाची तीन-चार टोचणी दिली आणि चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा बोलावले आहे. त्या दिवशी तेथे वस्तरा लावू नका असे सांगितले. टोचून आता दोन आठवडे झाले, अजून काही फरक नाही. मिशीचे कोपरे वाढत आहेत. त्वचावैद्य मॅडम, गालावर मिनॉक्सिडिल लावावे असे दोन मित्रांनी सुचवले आहे, लावू काय?

त्वचावैद्य_धंतोली · २ नोव्हेंबर

दोन आठवड्यांत फरक दिसण्याची अपेक्षा ठेवू नका, साधारण एक ते दोन महिने लागतात. आधी पांढरे, बारीक केस आले तर घाबरू नका, रंग बहुधा नंतर येतो. मिनॉक्सिडिल मुळात डोक्यासाठी मान्यता मिळालेले औषध आहे. दाढीसाठी काही तज्ज्ञ ते देतात, पण परिणाम दिसायला महिने लागतात, त्वचा कोरडी पडून सोलते आणि काहींना छातीत धडधड होते. लग्नाच्या तीन आठवडे आधी चेहऱ्यावर नवीन काही सुरू करू नये. ज्या डॉक्टरांनी टोचणी दिली त्यांनाच पुढच्या भेटीत विचारा. घरात मांजर असेल तर तेही सांगा, कारण हे औषध मांजराला अंगावरून चाटल्यानेही विषारी ठरते.

मनीषनगरकर · २९ नोव्हेंबर

लग्न झाले. दोन फोटो जोडले आहेत, एक सकाळी हळदीच्या मांडवातील आणि एक रात्री स्वागत समारंभातील.

१८ तारखेला बाजूच्या प्रकाशात पाहिले तेव्हा उजवा जोड पूर्ण भरला होता, डाव्या बाजूला फट दिसत होती. एक बाजू साफ आणि एक भरलेली ठेवणे शक्य नव्हते, म्हणून बराच विचार करून दोन्ही ठेवले आणि डाव्या कोपऱ्याचे केस थोडे मेण लावून खाली बसवले. गाल रोज सकाळी साफ केले. सकाळच्या फोटोत मला स्वतःला शोधूनही मोकळी जागा सापडत नाही. रात्रीच्या फोटोत मात्र डावा जोड उघडा पडलेला दिसतो.

डाव्या जबड्यावर कालपासून काही पांढरे बारीक केस दिसू लागले आहेत. मोजले, सात आहेत.

सदरचा_छायाचित्रकार · २९ नोव्हेंबर

रात्रीच्या फोटोत मंचावरचा दिवा डाव्या बाजूने आणि अगदी जवळून आहे, आणि मेण लावलेले केस त्यात चमकले आहेत. चमकणारा केस फोटोत काळा राहत नाही. मेणाऐवजी नुसते पाणी आणि कंगवा वापरला असता तर ती फट कमी दिसली असती असे मला वाटते.

कात्री_गोकुळपेठ · ३० नोव्हेंबर

मला वाटते डावा जोड साफच करायला हवा होता आणि त्याबरोबर उजवाही. प्रतापनगरचे भाऊ बरोबर होते. पण सकाळचा फोटो पाहून मलाही समाधान वाटले. आता पुढे काय ठेवणार आहात? त्या सात केसांवरून इतक्यात वस्तरा फिरवू नये असे मला वाटते, पण यावर मॅडमनी सांगावे.

त्वचावैद्य_धंतोली · ३० नोव्हेंबर

वस्तऱ्याने मुळाला काही होत नाही, त्यामुळे साफ केले तरी नुकसान नाही. परंतु पुढच्या तपासणीला जाताना निदान आठवडाभर तेथे वस्तरा लावू नका, म्हणजे किती केस आले आणि जागेची कड कोठे आहे हे डॉक्टरांना दिसेल.

मनीषनगरकर · ३० नोव्हेंबर

पाच डिसेंबरला तपासणी आहे. तोपर्यंत गाल तसेच वाढू देतो आणि चार तारखेला खिडकीजवळ तेच तीन फोटो काढून येथे टाकतो.